परंतु मास्तर निरुत्तर झाले

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'परंतु मास्तर' म्हणते, आणि त्यात गल्लीची काही चूक नाही. दूधवाला म्हणाला, "मास्तर, आज थंडी आहे," की हे म्हणणार, "आहे, परंतु कालच्या मानानं की अंगाला वाटते म्हणून?" दूधवाला सायकल पुढे काढतो. मला काही पुढे काढता येत नाही. लग्न ठरलं तेव्हा ह्यांच्या थोरल्या भावानं माझ्या आईला सांगितलं होतं की मुलगा फार विद्वान आहे. खोटं नव्हतं ते. पण विद्वान माणूस घरात असणं म्हणजे काय, हे सांगायची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

मशिदीला लागून जो मदरसा आहे, तिथे हे धाकटे मौलवी. मोठ्या मुलांना तर्क शिकवायचा आणि श्रद्धेची तत्त्वं शिकवायची, म्हणजे देव एक कसा, त्याचे गुण कोणते, कोण काय म्हणालं आणि त्याला कुणी कसं खोडलं. उंच, वाळकी काठी. शेरवानीचं एक बटण कायम चुकीच्या काजात. मी शिवणकाम करते, बाहेरच्यांचे कपडे माझ्या हातून बेतशीर जातात, आणि माझाच नवरा असा रस्त्यानं चालतो, म्हणजे धंद्याची किती शोभा! मी बटण नीट लावून दिलं तर म्हणतात, "काही बिघडत नव्हतं." ज्या माणसाला स्वतःचं काज दिसत नाही, तो मरणानंतर देव डोळ्यांनी दिसेल की नाही यावर आयुष्य घालवतो, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पण तोच विषय ह्यांच्या नशिबाला आला होता. आमच्या मदरशात वर्ष संपलं की वादाची बैठक होते. मशिदीच्या मुख्य दालनात दोन गाद्या घालतात. उजवीकडची 'होय'ची आणि डावीकडची 'नाही'ची. 'होय'वाला म्हणणार, स्वर्गात गेलेल्यांना देवाचं दर्शन होईल. 'नाही'वाला जुन्या काळी जे नाकारणारे पंडित होऊन गेले त्यांची बाजू घेणार, की देव दिसणं शक्यच नाही, ना इथे ना तिथे. आमच्याकडे त्या मताचा माणूस औषधालाही सापडायचा नाही. पण मुलांना दुसरी बाजू कळावी म्हणून कुणीतरी ती मांडायची, जीव तोडून मांडायची, आणि ठरलेल्या जागी हात जोडून म्हणायचं, "मी निरुत्तर झालो." मग 'होय'वाला पौर्णिमेच्या चंद्राची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगतो, लोक मान डोलावतात आणि उठतात.

'होय'ची गादी थोरल्या मौलवींची. ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली आणि अक्कलही तिथूनच मिळाली असती तर बरं झालं असतं. भरदार दाढी, भरदार आवाज, आणि अत्तर इतकं की ते वळणावर यायच्या आधी वास यायचा. 'नाही'ची गादी आमच्या ह्यांची. हे दरवर्षी हरायचे. इतकं सुंदर हरायचे की मुलं घरी येऊन म्हणायची, "मास्तर, तुमचंच खरं वाटत होतं." हे खूश. मी म्हणायचे, "हरण्यासाठी पगार मिळणारा माणूस मी दुसरा बघितला नाही." त्यावर हे म्हणायचे, "पहिलवानाच्या तालमीतही कुणीतरी खाली पडावंच लागतं. परंतु तो पडतो कसा, त्यावर वरच्याचा डाव कळतो."

आता माझ्या आईबद्दल सांगते, कारण पुढे जे झालं ते तिच्यावरच येऊन पडलं.

आई आमच्याकडेच राहते. राहते म्हणजे मदरशातल्या मुलांच्या चादरी धुते, माझ्या कापडाच्या घड्या घालते, आणि जावयाला दुपारी गरम वाढते. जावई आणि सासूचं असं गूळपीठ मी कुठे पाहिलं नाही. हे 'परंतु' म्हणाले तर ती शेवटपर्यंत ऐकून घेते. माझ्यात तेवढा दम नाही. तिचं आयुष्य कसं गेलं, तर कुणाच्या तरी पाठीमागून बघण्यात. लहानपणी भावांच्या पाठीमागून. स्वतःच्या नवऱ्याचा जनाजा तिनं खिडकीच्या फटीतून पाहिला, आणि तिथेही पुढे कुणाचा तरी खांदा होता. मशिदीत बायकांची जागा मागे, पडद्याआड. त्यातही तिची जागा खांबाच्या मागे, कारण गुडघे धरतात आणि खांबाला टेकता येतं. म्हणजे पुढे खांब, त्याच्यापुढे पडदा, त्याच्यापुढे पुरुषांच्या पाठी. तीसेक वर्षं ती आवाज ऐकते आहे, बोलणाऱ्याचं तोंड तिनं पाहिलेलं नाही.

तिला ती चंद्राची हदीस जिवापाड आवडायची. पौर्णिमेचा चंद्र बघताना जशी धक्काबुक्की होत नाही, कुणी कुणाच्या आड येत नाही, तसे तुम्ही तुमच्या पालनकर्त्याला बघाल. ती मला म्हणायची, "गर्दी नाही गं. उंच माणसाच्या मागे उभी राहिले तरी चंद्र दिसतोच की." दुसरं काही मागताना मी तिला ऐकलं नाही. बागा नको, नद्या नको, सोन्याची बांगडीही नको. एकदा सरळ बघायचं होतं.

त्या वर्षी बैठकीला एक मोठे पाहुणे आले. मदरशाच्या नव्या मजल्याला त्यांनी सिमेंट दिलं होतं, म्हणून त्यांना सगळे 'सिमेंटवाले' म्हणायचे. विश्वस्त तर त्यांच्या चपलाही स्वतः सरळ करून ठेवत होते. थोरल्या मौलवींना वाटलं, कुराणातल्या दरवर्षीच्या त्याच आयती काय सांगायच्या, पाहुण्यांपुढे जरा बुद्धीची चमक दाखवावी. घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

मी आईजवळ पडद्याआडच होते. सुरुवात नेहमीसारखी झाली. ह्यांनी आधी आयत काढली, की नजरा त्याला गाठू शकत नाहीत, तो मात्र नजरांना गाठतो. मग मूसा पैगंबरांची गोष्ट. मूसा म्हणाले, मला दर्शन दे. उत्तर आलं, तू मला बघू शकणार नाहीस, डोंगराकडे बघ, तो जागेवर टिकला तर तू मला बघशील. डोंगराचा चुरा झाला आणि मूसा बेशुद्ध पडले. "जे मूसांना मिळालं नाही," हे म्हणाले, "ते तुम्हाआम्हाला मिळणार?" मग बुद्धीची बाजू. जे दिसतं ते समोर असावं लागतं, फार जवळ नको, फार लांब नको, त्याला दिशा असते, रंग असतो. देवाला जागा नाही, दिशा नाही. मग डोळा वळवायचा कुठे?

इथे थोरल्यांनी ठरलेली उत्तरं द्यायची होती. ती सोडून ते खाकरले आणि म्हणाले, "मी तुम्हाला शुद्ध बुद्धीनं सिद्ध करून देतो. आपल्याला वस्तूही दिसते आणि रंगही दिसतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी. मग दिसण्याचं कारण दोघांत समान असलं पाहिजे. समान काय? एक तर दोन्ही नव्यानं निर्माण झाल्या आहेत, किंवा दोन्ही आहेत. निर्माण होण्यात आधी नसणं आलं, आणि नसणं हे कशाचंही कारण होऊ शकत नाही. उरलं काय? असणं! जे आहे ते दिसू शकतं. देव आहे. म्हणून देव दिसू शकतो!"

सिमेंटवाल्यांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण सिमेंट देणाऱ्याला मान डोलावण्याचा अधिकार असतोच. ह्यांनी आता "निरुत्तर झालो" म्हणायचं होतं. सहा अक्षरं आणि दोन जोडलेले हात, एवढंच काम. आणि माझ्या कानावर आलं, "परंतु..."

मी डोक्याला हात लावला.

"परंतु," हे म्हणाले, "वासही आहे. आवाजही आहे. तुमच्या मनातला विचारही आहे. असणं हेच दिसण्याचं कारण असेल तर हे सगळं दिसायला हवं. मौलवीसाहेब, तुमच्या अत्तराचा वास आहे, हे इथे कुणी नाकारणार नाही. तो कुणाला दिसला का?"

पुरुष हसले. विश्वस्त खोकल्याचं निमित्त करून हसले. आणि थोरल्यांची वाचा बसली. याला एक जुनं उत्तर आहे, ते ह्यांनीच मला नंतर सांगितलं. छाती असेल तर म्हणायचं, हो, वासही दिसू शकतो, आपल्या डोळ्याला तशी सवय लावलेली नाही एवढंच. पण त्याला छाती लागते आणि वाचलेलं असावं लागतं. थोरले लाल झाले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले की नमाजाची वेळ होते आहे. चंद्राची हदीस सांगितलीच नाही. बैठक मोडली. 'नाही'ची गादी जिंकून बसलेली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घरी येताना हे हवेत चालत होते. "इतका लंगडा पुरावा!" म्हणत होते. "आपल्याच बाजूच्या मोठमोठ्या पंडितांनी तो टाकून दिलाय. खऱ्या गोष्टीला लंगडा पुरावा देणं म्हणजे तिचा अपमान आहे." मी म्हणाले, "आणि अर्ध्यात सोडून घरी येणं म्हणजे काय आहे?" त्यावर हे म्हणाले, "पुढचं बोलायची पाळी माझी नव्हती." असा हा न्याय.

दुसऱ्या दिवशी आईनं जावयाला वाढलं, पण समोर बसली नाही. तिसऱ्या दिवशी नमाजाला उठली, पण चंद्राबद्दल, दर्शनाबद्दल एक शब्द नाही. तिच्या बोटांतून तसबीहची माळ फिरत होती आणि तोंड एखाद्या बंद दुकानासारखं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही गं. त्या दिवशी कळलं की नाही दिसणार. बरं झालं, आधीच कळलं."

मला इतका राग आला की मी कात्री खाली ठेवली. ठेवावीच लागली. ह्यांना म्हणाले, "अहो विद्वान! वास दिसतो का, हे विचारून तुम्ही त्या म्हाताऱ्याला गप्प केलंत, छान झालं. इकडे माझ्या आईचं तेवढं एकच होतं, ते तुम्ही काढून घेतलंत. आता द्या परत."

हे पांढरेफटक पडले. मला वाटतं त्या क्षणापर्यंत त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं की पडद्याआड कुणी ऐकत असतं. विद्वानांना पडदा भिंतीसारखा वाटतो. तसेच धावत आईकडे गेले. "आई, ती माझी बाजू नव्हे. मला तिथे बसवतात म्हणून मी बोलतो. दर्शन होणार, मी मनापासून मानतो. उत्तरं आहेत, सगळी आहेत!"

आई शांतपणे म्हणाली, "असतील. पण जावईबापू, ज्याच्या तोंडात दोन्ही उत्तरं आहेत, त्याचं कुठलं खरं धरायचं? तिथे जीव ओतून नाही म्हणालात. इथे सासू रुसली म्हणून हो म्हणताय."

ह्यांना पहिल्यांदाच 'परंतु' सुचलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला मजा वाटली.

मग आईनंच मार्ग काढला. म्हणाली, "इथे दोन गाद्या घाला. तुम्ही स्वतःलाच हरवा. माझ्यासमोर. मला पटलं तर पटलं."

स्वयंपाकघरात माझ्या शिलाईच्या दोन उशा मांडल्या. आई ओट्याजवळ पाटावर बसली, मी मशीनवर. आणि माझा नवरा, मदरशाचा धाकटा मौलवी, एका उशीवरून उठून दुसऱ्या उशीवर बसायला लागला. 'नाही'च्या उशीवर असताना आवाज कडक, 'होय'च्या उशीवर आला की मऊ. असलं सोंग पाहायला लोक तिकीट काढतील. पण आई हसत नव्हती, म्हणून मीही हसले नाही.

'नाही'च्या उशीवरून म्हणाले, "नजरा त्याला गाठू शकत नाहीत." उठले, 'होय'वर बसले. "गाठणं म्हणजे पूर्ण वेढून घेणं. समुद्र दिसतो, पण सगळा समुद्र नजरेत मावत नाही. दिसणं वेगळं, मावणं वेगळं. आणि आयतीत त्याची थोरवी सांगितली आहे. जे नाहीच, तेही दिसत नाही, त्यात थोरवी कसली? दिसू शकत असून नजरेत मावत नाही, यात थोरवी आहे."

"पुढे," आई म्हणाली.

"मूसांना नाही म्हटलं." उठले, बसले. "पण मूसांनी मागितलं तर होतं! देवाबद्दल काय शक्य आणि काय अशक्य, हे पैगंबराला माहीत नसेल? अशक्य गोष्ट ते मागतीलच कशाला? आणि देव म्हणाला, डोंगर टिकला तर. डोंगर टिकणं काही अशक्य नव्हे. शक्य गोष्टीच्या अटीवर जे सांगितलं, ते शक्यच असतं."

लगेच डाव्या उशीवर. "मूसांनी स्वतःसाठी नव्हे, हट्ट धरून बसलेल्या लोकांसाठी मागितलं, त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून."

उजवीवर. "मग 'त्यांना दाखव' म्हणाले असते. ते तर 'मला दाखव' म्हणाले."

आईची बोटं तसबीहवर थांबली. "आणि दिशेचं काय? डोळा वळवायचा कुठे?"

"देव आपल्याला बघतो ना, आई? तो आपल्यासमोर बसलेला आहे का? कुठल्या बाजूला आहे? कुठल्याच नाही. तरी बघतो. म्हणजे समोर असणं ही बघण्याची अट नव्हे, ती आपल्या डोळ्यांची इथली सवय आहे. ज्यानं सवय लावली तो ती मोडू शकतो. कसं दिसेल, हे मात्र विचारू नका. ते कुणालाच माहीत नाही."

"बुद्धीनं सिद्ध झालं म्हणायचं?"

कुणी दुसरा असता तर हो म्हणून मोकळा झाला असता, दुपारचं जेवण वेळेवर झालं असतं. हे म्हणाले, "नाही. बुद्धीनं एवढंच होतं की अशक्य म्हणता येत नाही. दार बंद नाही, एवढंच ती सांगते. आत नेणारं वचन आहे, आई. न्यायाच्या त्या दिवशी काही चेहरे टवटवीत असतील, आपल्या पालनकर्त्याकडे बघत असतील. असं वचन आहे."

आणि कर्म माझं, तेवढ्यात पुन्हा डावीकडे जाऊन बसले! सवयीचा गुलाम. "परंतु बघणं म्हणजे बक्षिसाची वाट बघणं, असाही अर्थ लावतात." उजवीकडे. "वाट बघण्यात तगमग असते, आणि स्वर्गात तगमग नाही. वाट बघणाऱ्याचा चेहरा टवटवीत नसतो."

"ते मला विचारा," आई म्हणाली. "पुढे."

"शेवटची आयत." ह्यांचा आवाज आता खरंच बसला होता. "पापी लोक त्या दिवशी त्याच्यापासून पडद्याआड ठेवले जातील. ही त्यांची शिक्षा. सगळेच पडद्याआड असतील तर मग ती शिक्षा कशी? म्हणजे भल्या लोकांना पडदा नाही."

उठले. डाव्या उशीवर बसले. आणि त्या उशीवरची जी सगळ्यात भक्कम चाल, ती खेळले. "त्या पडद्याचा अर्थ डोळ्यांपुढचा पडदा असा नव्हे. त्याच्या दयेपासून, त्याच्या कृपेपासून ते दूर ठेवले जातील, एवढाच अर्थ आहे. दिसण्याचा इथे काही संबंध नाही."

ह्यांनी उठायला गुडघ्यावर हात टेकला. आई म्हणाली, "बसा तिथेच."

हे बसले.

"जावईबापू, पडदा मला शिकवू नका. मी जन्मभर पडद्याआड आहे. पडद्याआड माझ्याकडे जेवण आलं, औषध आलं, दयाही आली. लोकांनी विचारपूसही केली पडद्यापलीकडून. आवाजसुद्धा येतो. पडद्यानं फक्त एकच गोष्ट अडते. दिसणं. दया अडवायची असती तर त्यानं भिंत म्हटलं असतं, खड्डा म्हटलं असतं. पडदा म्हणाला ना? मग तो दिसण्याबद्दलच बोलतोय. दुसरं पडद्याला काही अडवताच येत नाही."

मशीनवरचा माझा पाय कधी थांबला कळलं नाही. हे 'नाही'च्या उशीवर तसेच बसून राहिले. मी इतकी वर्षं वाट बघत होते की हा माणूस एकदा तरी गप्प बसावा, आणि बसला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी हात जोडले. "मी निरुत्तर झालो," म्हणाले. दरवर्षी म्हणायचे तसं नाही. हळूच.

आई उठली आणि ताट घेतलं. तिनं जावयासमोर बसून वाढलं.

इथेच गोष्ट संपली असती तर मी कशाला सांगायला बसले असते. पण ह्यांना काही आतल्या आत ठेवता येत नाही. पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर हे उभे राहिले. म्हणाले, "बैठकीत माझी बाजू अनुत्तरित राहिली. ऐकणाऱ्यांच्या मनात शंका राहू नये म्हणून सांगतो, मी निरुत्तर झालो आहे."

थोरल्या मौलवींनी दाढीवरून हात फिरवला. श्रेय चालून येतंय असं दिसलं की हा हात आपोआप दाढीवर जातो. विश्वस्तांनी विचारलं, "कुणी केलं निरुत्तर?"

"माझ्या सासूबाईंनी."

अख्खं दालन हसलं. अत्तराच्या वेळी हसले होते त्याच्या दुप्पट. मास्तर सासूला घाबरतो, बिचारा, घरी वाद घालायचीही सोय नाही! हे हसू ओसरेपर्यंत उभे राहिले आणि मग आईचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, पडद्यानं एकच गोष्ट अडते, इथपासून शेवटपर्यंत. थोरल्यांना ते कळलंच नाही असं मी म्हणणार नाही. कळलं असावं, म्हणूनच त्यांनी विश्वस्तांच्या कानात काहीतरी सांगितलं. आणि त्या शहाण्या माणसांनी त्याचा अर्थ काय लावला असेल? की मास्तरांच्या घरातल्या बायकांची मशिदीतल्या पडद्याबद्दल तक्रार आहे!

देवाच्या दर्शनाबद्दल ज्या माणसांना आयुष्यात कधी प्रश्न पडला नाही, त्यांना पडद्याबद्दल लगेच उत्तर सुचलं. सभा भरली, ठराव झाला. सध्याचा पडदा विरळ आहे, त्यामुळे भलते विचार डोक्यात येतात, सबब जाड घालावा. कापड सिमेंटवाल्यांनी दिलं. ह्यांच्याकडून मोठ्या मुलांचा वर्ग काढून घेतला आणि लहान मुलांना अक्षरं शिकवायला बसवलं. 'नाही'ची गादी आता विश्वस्तांच्या भाच्याकडे आहे. तो वेळेवर निरुत्तर होतो. हे लहान मुलांच्या वर्गात रमले आहेत, तिथे कुणी त्यांच्या 'परंतु'ला कंटाळत नाही, उलट मुलांनाच जास्त परंतु सुचतात. मी मात्र रमले नाही. त्या लोकांचं तोंड बघायची मला इच्छा होत नाही, आणि मी ते लपवतही नाही.

आणि कहर म्हणजे तो पडदा शिवायला माझ्याकडेच आला. गल्लीत एवढं लांब कापड ओढेल असं मशीन माझंच. गठ्ठा दारात टाकून माणूस गेला. घट्ट विणीचं गडद कापड, दिव्यासमोर धरलं तरी पलीकडचा उजेड दिसणार नाही असं. मी म्हणाले, "नाही शिवणार. त्यांनाच सुया टोचून घेऊ दे." हे म्हणाले, "नको शिवूस." इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं होतं.

आईनं गठ्ठा सोडला. कापडाचं एक टोक मला दिलं, दुसरं आपल्या मांडीवर घेतलं आणि काठ जुळवायला लागली.

"आई, तुझ्याच तोंडासमोर लावणार आहेत हा!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "लावू दे. जाड लावू दे, दुहेरी लावू दे. इथला त्यांच्या हातात आहे. तिथे पडदा शिवायला तुला कोण सांगणार आहे? चल, दोरा ओव, मला सुईचं नेढं दिसत नाही."